फुटाचा भाव आणि आठ ड्रॉवर

प्रश्न: फर्निचरचं वर्कशॉप आहे, कामं भरपूर येतात पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. कोटेशन देताना मजुरी आणि वरखर्च कसा धरायचा?

फुटावर भाव देणं आधी बंद करा. हे मी कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये गेली कित्येक वर्षं थोरल्या भावाला सांगतोय. त्याचं उत्तर ठरलेलं: "सगळी सांगली फुटावर चालते, तू कुठला नवीन आलास?"

विश्रामबागेतल्या एका घराचं वॉर्डरोब होतं. सात फूट बाय सात फूट, म्हणजे ४९ चौरस फूट. दादानं १,४०० रुपये फुटानं ६८,६०० सांगितले. त्याचा हिशेब असा: प्लाय, सनमायका, चॅनल, बिजागऱ्या मिळून माल ४०,०००, दोन मिस्त्री आठ दिवस, ९०० रुपये हजेरीनं १४,४००, म्हणजे १४,२०० सुटले. काम वेळेत झालं, पैसेही वेळेवर आले. तरी त्या महिन्यात मी घरी काही नेलं नाही.

त्याआधी तीन महिने मी एक वही ठेवली होती. प्रत्येक मिस्त्रीनं संध्याकाळी घरी जाताना लिहायचं, आज कुठल्या कामावर किती तास गेले. तीन मिस्त्री, रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६२४ तासांची हजेरी आपण देतो. वहीत गिऱ्हाइकाच्या कामावर सरासरी ४०० तासच भरले. बाकीचे कुठे गेले? प्लायचा टेम्पो यायची वाट बघण्यात, लाईट जाण्यात, पातं बदलण्यात, भुसा काढण्यात, चुकलेलं शटर पुन्हा करण्यात. कुणी कामचुकार नव्हतं. पण ते तास कुणाच्याच कोटेशनमध्ये नव्हते.

आता खर्च बघा. तीन मिस्त्री आणि एक हेल्पर मिळून मजुरी ८४,५००. भाडं, वीजबिल, पाती, मशीनची झीज, टेम्पो धरून ३३,५००. आणि माझा स्वतःचा पगार ३०,०००, जो दादा कधी धरतच नाही. त्याच्या मते मालकाचा पगार म्हणजे नफा. एकूण १,४८,०००. भागिले ४०० तास, म्हणजे तासाला ३७० रुपये. दादाच्या डोक्यात मिस्त्रीचा तास ११२ रुपयांचा होता.

वहीप्रमाणे त्या वॉर्डरोबला ११८ तास लागले. बॉडी आणि शटरला ६०, साइटवर फिटिंगला २६, कारण भिंत ओळंब्यात नव्हती. राहिलेले ३२ तास निव्वळ ड्रॉवरचे. आठ ड्रॉवर होते, एकेकाला चार तास: कापणं, जुळवणं, आतून सनमायका, चॅनल बसवणं, मग पुढच्या फळ्यांमधल्या फटी सारख्या करणं. ११८ गुणिले ३७० म्हणजे ४३,६६०. माल धरून ८३,६६०. आपण घेतले ६८,६००. दादा ज्याला नफा म्हणत होता तिथं १५,०६० रुपयांचा खड्डा होता, आणि तो माझ्या पगारातून भरला गेला.

फुटाचा भाव इथंच फसवतो. शटरच्या आड दोन फळ्या असोत की आठ ड्रॉवर, समोरून मोजलं की ४९ फूटच भरतात. म्हणून आता माझ्या कोटेशनमध्ये ड्रॉवर नगावर असतो आणि साइट फिटिंगची ओळ वेगळी असते. गिऱ्हाईक म्हणालं महाग आहे, तर मी चार ड्रॉवर कमी करून दाखवतो. भाव पाडत नाही.

नफा धरतानाही लोक चुकतात. १५ टक्के सुटायला हवेत म्हणून ८३,६६० वर १५ टक्के चढवले तर ९६,२०० होतात, पण विक्रीच्या मानानं ते १३ टक्केच पडतात. ०.८५ नं भागा, ९८,४०० येतात. दादा म्हणाला, "इतके कोण देणार?" दोन गिऱ्हाइकं गेली, हे खरं. पण ती राहिली असती तर त्यांच्या कामाचे पैसे मीच घातले असते, आणि हे त्याला आजही मान्य नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तासाचा दर एका महिन्यावर काढू नका. पावसाळ्यात काम कमी, तास कमी, म्हणून दर फुगतो आणि असलेलं कामही हातचं जातं. वर्षाची सरासरी घ्या. आणि मिस्त्री खरंच रिकामे बसले असतील तेव्हा ३७० च्या खाली काम घेतलेलं चालतं. माल सुटून वर हजेरी आणि थोडंफार भाडं निघालं तरी ते रिकाम्या शेडपेक्षा बरं. फक्त तो भाव त्या कामापुरता आहे हे वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे असाच एकदा दिलेला पावसाळी भाव दादानं पुढं दिवाळीपर्यंत चालवला होता.