‘नमुना रेखाताईंना पाठवायचा आहे’ : मग पाठवायचा कोणी?

*प्रश्न : मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघते. मीटिंग झाली की काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत करायचं, याचा मेल मला पाठवावा लागतो. ज्याच्याकडे काम सोपवलं त्या ‘ओनर’ला मराठीत काय म्हणू? ‘मालक’ लिहिलं तर सगळे हसले. या मेलला ‘इतिवृत्त’ म्हणायचं का? आणि ‘करण्यात यावे’ लिहिलं की साहेब विचारतात, कोण करणार?*

साहेबांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

‘नमुना पाठवण्यात यावा’ या वाक्यात नमुना आहे, पाठवणं आहे, पण पाठवणारा नाही. सरकारी मराठीत ही रचना चालते, कारण तिथे इतिवृत्ताच्या त्या परिच्छेदाखाली बहुधा ‘कार्यवाही :’ असं लिहून पुढे खात्याचं नाव दिलेलं असतं. वाक्यात कर्ता नसला तरी कागदावर असतो. आपण त्यातलं वाक्य तेवढं उचललं आणि खालची ओळ मागेच सोडली.

म्हणून ‘-ण्यात यावे’ टाकून द्या, असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. मीटिंगच्या मेलमध्ये दोन जातींची वाक्यं असतात. एक निर्णयाची, दुसरी कामाची. निर्णय सगळ्यांचा असतो, त्यामुळे तिथे मराठीतलं बिनकर्त्याचं ‘ठरलं’ चपखल बसतं. ‘निळ्या शेडचं काम थांबवायचं ठरलं’ यात कोणी ठरवलं हे सांगायची गरज नसते, आणि सांगितलंच तर उगाच कुणाच्या तरी अंगावर येतं. कामाच्या वाक्याला मात्र कर्ता हवाच. तुमची अडचण होते ती काम निर्णयाच्या भाषेत लिहिलं जातं म्हणून.

आता एक असा सापळा सांगतो जो ‘करण्यात यावे’पेक्षा जास्त घातक आहे, कारण तो साध्या, बोलीतल्या मराठीत लपलेला असतो. पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे मीच मेलमध्ये लिहिलं होतं : ‘नमुना रेखाताईंना पाठवायचा आहे.’ (नाव बदललं आहे.) माझ्या मनात होतं की रेखाताई ग्राहकाला नमुना पाठवतील. रेखाताईंनी वाचलं की रंगखातं नमुना आपल्याकडे पाठवणार आहे, म्हणून त्या वाट बघत बसल्या. रंगखात्याने ते वाक्य आपल्याबद्दल आहे असं धरलंच नाही. चार दिवस नमुना कपाटातच राहिला. चूक कोणाची, यावर आवाज चढले आणि शेवटी सगळ्यांनी माझा मेल उघडला.

दोष ‘-ना’चा होता. चतुर्थीचा हा प्रत्यय मराठीत तीन कामं करतो. ‘रेखाताईंना नमुना पाठवायचा आहे’ याचा अर्थ नमुना त्यांच्याकडे जायचा आहे, असा होतो. पाठवायचं काम त्यांच्या डोक्यावर आहे, असाही होतो. आणि त्यांची पाठवायची इच्छा आहे, असाही होतो, जसं ‘मला गावाला जायचं आहे’. बोलताना हातवारे, नजर, मागचं वाक्य असं सगळं मदतीला येतं. मेलमध्ये यातलं काहीच नसतं. तोच प्रत्यय बदलून तृतीया केली की गाठ सुटते : ‘रेखाताईंनी नमुना पाठवायचा आहे.’ आता दुसरा अर्थ लावताच येत नाही. त्याहून सरळ म्हणजे ‘रेखाताई ग्राहकाला नमुना पाठवतील.’ कर्ता पुढे, ज्याला द्यायचं तो मध्ये, क्रियापद भविष्यकाळी. ‘पाठवावा’पेक्षा मला ‘पाठवतील’ बरं वाटतं. ‘पाठवावा’मध्ये वरून आलेली आज्ञा ऐकू येते, ‘पाठवतील’मध्ये त्यांनी मीटिंगमध्ये दिलेला शब्द. अर्थात त्यांनी तो दिलेला असला पाहिजे. गैरहजर माणसाच्या नावावर ‘करतील’ लिहायचं तर आधी फोन करून विचारा.

आता ‘ओनर’. ‘मालक’ चालणार नाहीच. आपल्याकडे तर चहाच्या टपरीवरही ‘काय मालक?’ म्हणून हाक मारतात, तेव्हा मेलमधल्या ‘मालक’कडे कोणी कामाच्या अर्थाने बघणार नाही. ‘जबाबदार’ही टाळा. ‘जबाबदारी’ चांगला शब्द आहे, पण ‘जबाबदार व्यक्ती’ म्हटलं की अपघाताला जबाबदार, नुकसानीला जबाबदार, असा दोषाचा वास येतो. बोलीत यासाठी आपल्याजवळ ‘-कडे’ आहेच : ‘हे काम श्रीनिवासकडे.’ मात्र ‘काम’ हा शब्द गाळू नका. ‘नमुने श्रीनिवासकडे’ लिहिलंत तर नमुने त्याच्या टेबलावर आहेत असं होईल. तक्ता करत असाल तर मथळ्यात ‘कोण’, ‘काय’, ‘कधी’ एवढं लिहा. ‘ओनर’ला मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा ‘कोण’ हे सर्वनाम कितीतरी नेमकं आहे.

आणि ‘कोण’खाली एकच माणूस. ‘डाइंग’ किंवा ‘स्टोअर’ असं खातं लिहू नका. ‘रेखाताई व बसवराज’ लिहिलंत तर दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर राहतील. मदत असेल तर ‘बसवराज (सोबत रेखाताई)’ लिहा. ‘आपण’ तर कामाच्या वाक्यात नकोच. मराठीतल्या या सुंदर ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, म्हणून ‘दर आपण मागवू’ म्हटलं की सगळे आले आणि कोणीच आलं नाही. तसंच ‘बघू की’ हा होकार नव्हे. मीटिंगमध्ये कोणी ‘बघू की’ म्हणालं तर तिथल्या तिथे विचारून घ्या, नाहीतर ते काम ठरलेल्यांत धरू नका.

तारखेबाबत आपली भाषा आणखी लवचीक आहे. ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. ‘उद्या’ रात्री लिहिला आणि सकाळी वाचला गेला तर एक दिवस सरकतो. ‘आठ दिवसांत’ म्हणजे आपण आठवडा धरतो, आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे, पण आकडा वाचून मोजणारा एक दिवस जास्त मोजतो. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे येत्या की त्याच्या पुढच्या, हे दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतील. ‘पर्यंत’चंही तेच. ‘दुकान शुक्रवारपर्यंत बंद’ वाचून शुक्रवारी जावं की शनिवारी? म्हणून वार, तारीख आणि गरज असेल तिथे वेळ, असं सगळं लिहा : ‘सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळी ५ पर्यंत.’ वार आणि तारीख एकमेकांवर पहारा ठेवतात. एक चुकलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. ‘ड्यू डेट’साठी ‘मुदत’ चालेल, पण त्या शब्दात कालावधीही येतो (‘महिन्याची मुदत’). ‘कधी’ किंवा ‘तारीख’ जास्त स्वच्छ.

‘इतिवृत्त’ मात्र या मेलला म्हणू नका. त्यात ‘असं असं घडलं’ हे सांगणं आहे, आणि तुम्हाला घडलेलं सांगायचंच नाहीये. शिवाय कंपनीच्या संचालकांच्या सभेचं इतिवृत्त ही कायद्याची गोष्ट आहे, ते ३० दिवसांत नोंदवहीत यावं लागतं. तुमचा मेल त्याच संध्याकाळी जायला हवा. विषयाच्या ओळीत ‘९ जानेवारीच्या बैठकीत ठरलेलं’ एवढं पुरे. ‘ठराव’ही नको, त्याला सूचक आणि अनुमोदक लागतात.

मग चर्चा किती ठेवायची? मेल लिहून झाला की त्यात ‘म्हणाले की’, ‘मत मांडलं’, ‘चर्चा झाली’ शोधा. जिथे ही क्रियापदं सापडतील, ते वाक्य बहुतेक वेळा गाळण्याजोगं असतं. निर्णयाचं कारण तेवढं ठेवा, तेही तेव्हाच, जेव्हा ते न दिल्यास गैरहजर माणूस तोच प्रश्न पुन्हा उकरून काढेल. समजा, शुक्रवारी ९ जानेवारी २०२६ ला तासभर मीटिंग झाली. निळ्या टॉवेलचा रंग उतरतो ही तक्रार, सूत वाईट की रंग वाईट यावर वाद, जुन्या पुरवठादाराच्या आठवणी, संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत माणसं सुट्टीवर जातील ही काळजी. माझा मेल असा होईल :

> ठरलं
> निळ्या शेडचं उत्पादन ग्राहक नवा नमुना मंजूर करेपर्यंत बंद. धुतल्यावर रंग उतरतो ही तक्रार दुसऱ्यांदा आली आहे. पांढऱ्या टॉवेलांचं काम चालू राहील.
>
> कामं
> बसवराज निळ्या शेडचे तीन नमुने रंगवून रेखाताईंकडे देतील – सोमवार, १२ जानेवारी, संध्याकाळी ५ पर्यंत.
> रेखाताई ते धुऊन तपासतील आणि ज्याचा रंग टिकला तो नमुना ग्राहकाला कुरिअर करतील – मंगळवार, १३ जानेवारी.
> श्रीनिवास दुसऱ्या पुरवठादाराकडून सुताचा दर घेऊन सर्वांना मेल करतील – सोमवार, १९ जानेवारी.
>
> राहिलं
> माल रवाना करायची नवी तारीख ठरली नाही. रेखाताई बुधवार, २१ जानेवारीला ती सुचवतील. तोवर मंजुरी आली नसेल तर तसं कळवतील.
>
> यात काही चुकलं असेल तर शनिवारी, १० जानेवारीला दुपारी १२ पर्यंत कळवा.

सूत वाईट की रंग वाईट, हा वाद यात कुठेच नाही, पण त्यातून निघालेली दोन्ही कामं आहेत : नमुने आणि दर. संक्रांतीची काळजीही शब्दांत नाही, ती तारखांत आहे. कुरिअर संक्रांतीच्या आदल्या दिवशी जातं आणि दराचं काम यात्रेचे मुख्य दिवस सरल्यावर येतं.

‘राहिलं’ हा भाग गाळायचा मोह होतो, कारण अर्धवट गोष्ट लिहायला बरं वाटत नाही. पण न ठरलेलं लिहिलं नाही तर ते ठरलं असं कोणीतरी धरून चालतं. तिथेही माणूस आणि तारीख द्या. आणि शेवटच्या ओळीतली ‘कळवा’ची वेळ ठेवाच. कधीतरी बसवराज शनिवारी सकाळी उत्तर देईल की ‘तीन नाही, दोनच नमुने म्हटलं होतं मी’, आणि तेवढी एक ओळ दुरुस्त करून तुम्ही तोच मेल पुन्हा सगळ्यांना पाठवाल.