तळपायांची आग आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

> मला १२ वर्षांपासून डायबेटिस आहे. गेले सहा महिने रात्री आडवं झालं की दोन्ही तळपाय पेटल्यासारखे जळतात, पण बोटांना हात लावला तर कळत नाही. नसांची तपासणी केली, नॉर्मल आली. मग हे होतंय कशामुळे?

‘नॉर्मल आली’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, फक्त यातून गेलेला पेशंट आहे.

विजेचे सौम्य झटके देऊन जी तपासणी होते, ती जाड नसांचा वेग मोजते. आग, टोचणी, थंड-गरम यांच्या संवेदना मात्र अगदी बारीक तंतूंतून जातात, आणि साखरेचा मार बहुधा आधी त्यांच्यावरच बसतो. ते या यंत्राला दिसतच नाहीत. त्यामुळे तुमचा रिपोर्ट खोटा नाही, पण त्यावरून बारीक तंतू शाबूत आहेत असंही म्हणता येत नाही.

नसेत साखर शिरायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. रक्तात जितकी जास्त, तितकी आत जाते. तिथे जादा साखरेचं सॉर्बिटॉल बनतं आणि ते बनवताना पेशीची झीज रोखणारा साठा खर्ची पडतो. शिवाय नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्याही जाड आणि अरुंद होत जातात. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या नसेची पेशी असते कमरेजवळ, म्हणजे जवळपास मीटरभर लांबून सगळी रसद पोचवायची. साहजिकच उपासमार आधी टोकाला होते, आणि दोन्हीकडे सारखीच. मोजा घातल्यासारखं बधिरपण वर सरकतं ते यामुळे. दुखावलेला तंतू बाहेरून काही लागलं नाही तरी आपणहून मेंदूला निरोप धाडत राहतो, म्हणून एकाच पायात आगही असते आणि बधिरपणाही. रात्री मन रिकामं असतं, तेव्हा ते जास्त जाणवतं.

आता माझी चूक. माझाही रिपोर्ट असाच नॉर्मल आला तेव्हा दवाखान्यात मला ‘वय झालं, टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. मोजे काढा असंसुद्धा कुणी म्हणालं नाही! १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा थरथरणारा नादकाटा पायाच्या अंगठ्यावर ठेवून पाहायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही त्यांच्याकडे नव्हती. (अजूनही आठवलं की डोकं फिरतं, असो.) मीही गप्प बसलो. साखर तशीच, एचबीए१सी ९.८.

दीडेक वर्षाने आग आपोआप कमी झाली. मी खूश. बरं वाटतंय म्हणून घरात सांगूनही टाकलं. प्रत्यक्षात ओरडणारे तंतूच मेले होते. साखर आटोक्यात न येता आग विझली आणि बधिरपण मात्र वाढलं, तर ते बरं होणं नव्हे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात पाय शेकायला बादलीत गरम पाणी घेतलं आणि पाण्याचा अंदाज घ्यायला पायच बुडवला. काही भाजल्यासारखं वाटलं नाही. सकाळी मोजा काढताना त्याबरोबर कातडी निघून आली. जखम भरायला नऊ आठवडे गेले, आणि तेही हाडापर्यंत गेली नाही म्हणून निभावलं. तेव्हापासून पाणी कोपराने बघतो, चप्पल-बूट घालायच्या आधी आत हात फिरवतो आणि रोज रात्री आरशात तळवे पाहतो.

दुसरं, तुम्ही मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी १२ तपासून घ्या. ती गोळी बी १२चं शोषण कमी करते आणि त्याच्या कमतरतेनेही पाय असेच जळतात, बधिर होतात. माझं कमी निघालं. इंजेक्शनं घेतल्यावर थोडा फरक पडला, सगळा नाही. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी झोप मिळते, पण नस दुरुस्त होत नाही. नेहमीच्या डोकेदुखीच्या गोळ्यांचा मला तर काडीचा उपयोग झाला नाही. साखर कमी करताना घाईही नको. एचबीए१सी तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त खाली आला तर काहींची आग उलट भडकते. माझी भडकली होती, मग डॉक्टरांनी डोस सावकाश वाढवला.

एकाच पायाला होत असेल, किंवा पावलातली ताकद झपाट्याने जात असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा. ते बहुधा वेगळं प्रकरण असतं आणि ते लगेच दाखवायला हवं. नाहीतर पुढच्या भेटीला बसल्याबसल्या स्वतःच मोजे काढा आणि तो नायलॉनचा तंतू मागा.