मुंबई १५ लाख की पुणे १२.६० लाख?

प्रश्न: मुंबईत वर्षाला १५ लाख पगाराची नोकरी, पुण्यात १२.६० लाखांची. हातात कुठे जास्त उरेल?

मुंबईत, पण महिन्याला जेमतेम तीन हजार. कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी वगळून हे आकडे धरतोय. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत ७५,००० वजावटीनंतर पुण्याचं उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं, म्हणून कर शून्य. मुंबईत तो ९७,५०० होतो. त्यामुळे २०,००० चा मासिक फरक ११,८७५ वर येतो. व्यवसाय कर दोन्हीकडे सारखाच. ठाण्यात भाडं २८,००० आणि पुण्यात १८,००० धरलं, तर उरतात १,८७५. लोकलचा पास आणि शेअर रिक्षा १,८००, पुण्यात पेट्रोल ३,०००. इथे मुंबईचे १,२०० वाचतात. एकूण ३,०७५. भाडं ३१,००० च्या वर गेलं की तेही संपले, म्हणून आधी घर बघा. आणि पगारात व्हेरिएबल किती, हे एचआरला नक्की विचारा.