जुलाब थांबले, मग झिंक बंद करू का?

बाळ ९ महिन्यांचं आहे, तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. ओआरएससोबतची झिंकची गोळी बंद करू का?

नका करू, १४ दिवस पूर्ण होऊ द्या. या वयाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात टाका, ती आपोआप विरघळते. ओआरएस पाण्याची तूट भरतं, पण जुलाबातून झिंकही वाहून जातं आणि आतड्याचं सोललेलं अस्तर भरायला नेमकं तेच लागतं. अस्तर भरलं की पाणी नीट शोषलं जातं, म्हणून जुलाब लवकर आटोक्यात येतात. उरलेल्या गोळ्यांनी शरीरातली कमतरता भरून निघते; पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.