मोमेंटम चालतो कधी, उलटतो कधी?

तंबाखूचा भाव चढला की आम्ही विकून मोकळे होतो. मग चढलेला शेअर आणखी का चढावा? (निपाणी)

बहुतेक गुंतवणूकदारही तुमच्यासारखेच वागतात. चांगली बातमी आली, थोडा नफा दिसला की विकतात. त्यामुळे भाव एका दमात योग्य पातळीला पोचत नाही, काही महिने वर सरकत राहतो. अभ्यासक देतात त्या कारणांपैकी मला हे सर्वांत पटतं. जेगदीश आणि टिटमन यांनी 1993 साली अमेरिकी शेअरचा 1965 ते 1989 हा काळ तपासला. मागच्या सहा महिन्यांत सर्वाधिक वधारलेले शेअर घ्यायचे, सर्वाधिक पडलेले शॉर्ट करायचे, म्हणजे उसने घेऊन आधी विकायचे आणि नंतर परत विकत घ्यायचे, आणि मधे सहा महिने थांबायचं. हाच मोमेंटम. यातून वर्षाला सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास परतावा निघाला.

निफ्टी महिनाअखेरीस दहा महिन्यांच्या सरासरीखाली आला की विकायचा, वर गेला की घ्यायचा. हा नियम पाळू का? (उद्यमबाग, बेळगाव)

आधी तो 2019-20 मध्ये लावून बघा. जुलै 2019 अखेर निफ्टी सरासरीखाली आला, म्हणून 11,120 च्या आसपास विक्री. सप्टेंबरअखेर तो वर आला, तेव्हा खरेदी 11,470 ला. दोन महिन्यांत तीन टक्के गेले, पदरात काही नाही. पुढे फेब्रुवारी 2020 अखेर पुन्हा विक्री, सुमारे 11,200 ला. मार्चमध्ये निफ्टी 7,600 पर्यंत कोसळला, तेव्हा तुम्ही सुखरूप बाहेर होता. पण परत खरेदीचा इशारा जुलैअखेर मिळाला, 11,070 ला. म्हणजे पडझड टळली आणि उसळीही हुकली. रात्री झोप लागावी म्हणून नियम पाळायचा असेल तर जरूर पाळा, जास्त कमाईसाठी नको. शिवाय वर्षाच्या आत विकलं की नफ्यावर 20 टक्के कर आहे, तोही धरा.

बाजार सावरत असताना मोमेंटमवाले का बुडतात? (खानापूर)

कारण मोठ्या पडझडीनंतर त्यांच्या हातात चुकीची जोडी असते. पडत्या बाजारात कमी पडलेले, म्हणजे औषधं-साबणासारखे स्थिर शेअर ‘विजेते’ ठरतात. कर्जात बुडालेल्या, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या कंपन्या ‘पराभूत’. बाजार वळला की या कंपन्या वाचणार असं दिसतं आणि त्यांचेच भाव झपाट्याने उसळतात.

डॅनियल आणि मॉस्कोवित्झ यांनी मोजलं: मार्च ते मे 2009 मध्ये अमेरिकेत पराभूत गट 163 टक्के वाढला, विजेता फक्त 8 टक्के. समजा, लाखाचे विजेते घेतले आणि लाखाचे पराभूत शॉर्ट केले. एकीकडे आठ हजार मिळाले, दुसरीकडे एक लाख त्रेसष्ट हजार गेले. 1932 च्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं.

ही वेळ ओळखता येते: बाजार बराच पडलेला असतो आणि रोजचे चढउतार मोठे असतात. अशा वेळी मोमेंटममधली रक्कम कमी ठेवा. शॉर्ट तर करूच नका. नुसती खरेदी करणाऱ्याची उसळी हुकते, शॉर्ट करणाऱ्याचं भांडवल जातं.