अंगणात थांबलेली थोरली

"मंडळीत चौतीस वर्षं राबतेय मी. भाऊ सगळं उधळून परत आला, तर सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. आता उधळ्या पुत्रावरचा उपदेश सुरू झाला की माझ्या मस्तकात जातं. मॅडम, माझा विश्वासच खोटा आहे का?"

खोटा नाही. पण हे एवढं सांगून भागलं नसतं, म्हणून त्या ताई आणि त्यांची समुपदेशक म्हणून मी, चार महिने दर दुसऱ्या गुरुवारी बसलो. त्या बसण्याची ही हकिगत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई सोलापुरातल्याच. वय चोपन्न, शिक्षिका, अविवाहित. घरी गुडघ्यांनी अधू झालेली आई. मंडळीत शब्बाथशाळा, महिला मंडळाचा हिशेब, गायन मंडळाची पेटी, आजाऱ्यांच्या भेटी आणि सणाचा स्वयंपाक त्यांच्याकडे. धाकटा भाऊ धंद्यात आणि दारूत बुडाला, आईच्या पाटल्या मोडून गेला आणि दहा वर्षं फिरकला नाही. आठ महिन्यांपूर्वी दारू सोडून परत आला. कापणीच्या सणाला त्याची साक्ष ठेवली होती. ती आज आहे, हे ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मागच्या स्वयंपाकघरात बिर्याणीचं पातेलं उतरवत होत्या. टाळ्यांचा आवाज आला म्हणून पत्रावळ्या न्यायला आलेल्या पोरीला विचारलं, "काय चाललंय गं?" ती म्हणाली, "तुमचे दादा साक्ष देतायत." ताईंनी पातेलं तिथंच ठेवलं आणि मागच्या दारानं घरी गेल्या.

मी आधी शरीराकडे पाहिलं. सलग दोन आठवडे मन उदास आहे का, आवडीचं काही करावंसं वाटत नाही का, पहाटे तीनला जाग येते का, मरणाचे विचार येतात का, हे विचारलं. उदासीनतेच्या आजाराइतकं काही दिसलं नाही, पण थकवा फार होता. रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन ९.२ निघालं. बाईमाणसाला किमान १२ हवं. डॉक्टरांनी कारण शोधून औषध सुरू केलं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे थकलेल्या माणसाला सरळ "प्रार्थना कमी पडतेय" असं सांगतात, आणि ते थकलेलं माणूस त्यावर विश्वासही ठेवतं.

मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडला. उधळ्या पुत्राचा दाखला तिथंच आहे: धाकटा आपला वाटा उधळून घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो. अकराव्या वचनापासून नाही, पंचविसाव्यापासून. थोरला शेतात आहे. वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज त्याच्या कानी पडतो, आणि काय चाललंय हे त्याला एका चाकराला विचारावं लागतं. त्याला बोलवायला शेतावर कुणी गेल्याचं गोष्टीत कुठं नाही. ताई इथं थांबल्या. बोट त्याच ओळीवर ठेवून बराच वेळ बसल्या. "माझी पत्रावळीवाली पोरगी," एवढंच म्हणाल्या.

त्यांना मी एक काम दिलं. थोरल्याचं बोलणं मोठ्यानं वाचायचं: "मी इतकी वर्षे आपली सेवाचाकरी करत आहे... मला कधी करडूही दिले नाही." आणि करडाच्या जागी स्वतःची गोष्ट घालायची. पहिल्यांदा त्या "मला कुणाचं काही नको" म्हणाल्या. दुसऱ्या बैठकीतही तेच. तिसऱ्या वेळी सांगितलं, डी.एड.च्या सहा मैत्रिणी दर डिसेंबरात एका रविवारी जमतात. ताई एकदाही गेल्या नाहीत, कारण त्या रविवारी नाताळाच्या नाटकाची तालीम असते. थोरल्यालाही करडू हवं होतं ते मित्रांसोबत आनंद करायला. मी विचारलं, "सुट्टी कधी मागितलीत?" नाही. "कुणी देऊ केली?" तीही नाही. या दोन्ही नाहींचं वजन सारखं आहे, आणि समुपदेशकानं पहिल्यावरच बोट ठेवलं तर अन्याय होतो.

'सेवाचाकरी' हा शब्द नीट पाहा. मूळ ग्रीक क्रियापद गुलामासारखं राबण्याचं आहे. बापाच्या घरात तो चाकर होऊन राहिला होता, आणि चाकर मजुरी मोजतोच. पण बाराव्या वचनात बापानं मालमत्ता दोघांना वाटून दिलेली आहे. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याचा वाटा दुप्पट. म्हणजे ज्या गोठ्यातलं करडू त्याला मिळालं नाही, तो गोठा त्याच्याच वाट्याचा.

आता बापाचं उत्तर. तो "दिलं होतं की करडू" असं म्हणत नाही. तक्रार खोडत नाही. मेजवानी चालू असताना उठून बाहेर येतो आणि समजूत घालतो. मुलगा "बाबा" म्हणत नाही, "पाहा" म्हणून सुरुवात करतो, तरी बाप "बाळा" म्हणतो. मुलगा "हा आपला मुलगा" म्हणतो, बाप हळूच ते "हा तुझा भाऊ" करतो. येशूनं हा दाखला कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांना सांगितला हे खरं. म्हणून पुष्कळ उपदेशक थोरल्याला झोडपून मोकळे होतात. पण गोष्टीतल्या बापानं त्याला झोडपलं नाही, आणि समोर बसलेल्या दमलेल्या माणसाला मार तेवढा ऐकू येतो.

पुढे एका महिला सभेत मला याच दाखल्यावर बोलायला सांगितलं. मी थोरल्याच्याच तोंडून बोलले. त्यातला एक तुकडा: "माझ्या हाताला मातीचा वास आहे. आत पुष्ट वासरू शिजतंय, ते मीच पोसलेलं. बाबा बाहेर आलेत. दारातून उजेड त्यांच्या पाठीवर पडलाय, म्हणून त्यांचं तोंड मला दिसत नाही. त्यांनी माझा हात धरलाय. आत जा असं ढकलत नाहीत, सोडतही नाहीत." इथंच थांबले, कारण लूकही तिथंच थांबतो. तो आत गेला की नाही, लिहिलेलं नाही. ज्यांना यावर उपदेश करायचा आहे त्यांना मी हेच विनवीन की त्याला घाईनं आत नेऊ नका.

ताईंसोबत एक कागदी काम केलं. पाचही कामं लिहिली आणि प्रत्येकापुढं विचारलं, हे कुणी सोपवलं आणि ते सोडलं तर नेमकं काय होईल? हिशेब आणि सणाचा स्वयंपाक कुणी सोपवलेच नव्हते, रिकामी जागा दिसली म्हणून ताईंनी धरले होते. त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. ते आधी म्हणाले, "ताई, तुमच्याशिवाय कोण?" हे कौतुक वाटतं, पण दमलेल्याच्या पायात ते बेडीसारखं पडतं. आम्ही उत्तर तयार ठेवलं होतं: "साहेब, हिशेब मी मार्चअखेरपर्यंत बघते. वही कुणाच्या हातात देऊ ते पंचांनी ठरवावं." वही आता बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे आहे.

भावाला पैसे द्यायचे का, हाही प्रश्न आला. दाखल्यात मेजवानी आहे, अंगठी आहे, पण थोरल्याचा वाटा पुन्हा वाटलेला नाही. "माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे" हे बाप थोरल्याला सांगतो. ताईंनी भावाला उसने दिले नाहीत, जामीनही राहिल्या नाहीत. आईला मंगळवार-शुक्रवार व्यायामोपचाराला न्यायचं काम मात्र त्याला दिलं. पहिल्या आठवड्यात तो एकदा चुकला. ताई चिडून आईला म्हणाल्या, "बघ तुझा मुलगा." मग मला फोन करून स्वतःच सांगितलं, "मॅडम, मी 'तुझा मुलगा' म्हणाले."

डिसेंबरात त्या मैत्रिणींकडे जाऊन आल्या. तालीम दोन तरुण मुलींनी घेतली, गोंधळही झाला. भावाशी जेवताना अजून फारसं बोलणं होत नाही. परवा त्यानं भाकरी मागितली, तेव्हा वाढली आणि शेंगाचटणीची वाटी त्याच्या बाजूला सरकवली, म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी येणार आहेत.