उरलेले ४ लाख निम्मे-निम्मे नाही होत

प्रश्न: आम्ही दोघं पार्टनर, नफा-तोटा निम्मा निम्मा. फर्म बंद केली, सगळं विकून ११ लाख आले, पुस्तकात मालमत्ता १४ लाखांची होती. बाहेरच्यांचं देणं ७ लाख. मी फर्मला २ लाख लोन दिलंय, माझं कॅपिटल ४ लाख, त्याचं १ लाख. तो म्हणतो ७ लाख दिले की उरलेले ४ लाख निम्मे करू. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि कृपा करून यावर सही करू नका. पार्टनरशिप ॲक्ट १९३२ चं कलम ४८ बघा, तुमच्या डीडमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर तोच क्रम लागतो. आधी बाहेरच्यांचं देणं, मग पार्टनरने दिलेलं लोन, मग कॅपिटल, आणि त्यानंतरही उरलं तरच नफ्याच्या प्रमाणात वाटप. तुमचा पार्टनर थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतोय.

११ मधून ७ गेले, राहिले ४. त्यातले २ लाख तुमच्या लोनचे, हे कॅपिटल नाही त्यामुळे यात त्याचा वाटा येतच नाही. आता हातात २ लाख आणि दोघांचं मिळून कॅपिटल ५ लाख, म्हणजे तोटा ३ लाखांचा, तो दोघांना दीड-दीड लाख. तुमचं कॅपिटल ४ वरून अडीच लाखांवर येतं. त्याचं १ लाखच होतं, म्हणजे ते संपून वर ५० हजार त्यानेच खिशातून आणायचे. हे लोकांना पटत नाही, "माझं कॅपिटल बुडालं, आता अजून का देऊ" म्हणतात, पण कॅपिटलची तूट नफ्याच्या प्रमाणात भरून द्यायची हे त्याच कलमात आहे. त्याने ५० हजार आणले की तुम्हाला लोनचे २ आणि कॅपिटलचे अडीच, एकूण साडेचार लाख. त्याच्या हिशोबाने तुम्हाला फक्त २ लाख मिळाले असते!

तो ५० हजार देत नसेल तर सध्या उरलेले चारही लाख तुमचे आणि ५० हजार त्याच्याकडून येणं, ते सेटलमेंटमध्ये लिहूनच घ्या.

एक गोष्ट मात्र नीट तपासा, ते ७ लाख खरंच पूर्ण आहेत का. मी अकाउंट्सचं काम करतो, एका फर्ममध्ये पार्टनरने घाईत आपलं लोन आधी उचललं आणि नंतर टॅक्सची थकबाकी निघाली, तेव्हा पैसे परत आणावे लागले. कामगारांचा पगार, टॅक्स, सप्लायर हे सगळे बाहेरचेच. बायकोने स्वतःच्या पैशातून फर्मला लोन दिलं असेल तर तीही पार्टनर नसल्यामुळे बाहेरचीच, तिचे पैसे तुमच्या लोनच्या आधी. आणि बाहेरचा माणूस पूर्ण रक्कम तुमच्या एकट्याकडूनही मागू शकतो, निम्मं पार्टनरकडून घे असं त्याला सांगता येत नाही, म्हणून त्यांचा हिशोब मिटल्याशिवाय स्वतःचे २ लाखही काढू नका.